कँडल फिल्टर थेंब थेंब गळतोय? घासण्याआधी आणि घासताना

रात्री वरचं भांडं काठोकाठ भरून ठेवलं आणि सकाळी खालच्या भांड्यात जेमतेम दोन तांबे पाणी. कँडल घासली की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. पावसाळ्यात तर दर आठवड्याला घासावं लागतं. यातल्या प्रत्येक तक्रारीवर घरोघरी एकच इलाज होतो, तो म्हणजे आणखी जोरात घासणं. कँडल अकाली निकामी होते ती बहुतेक वेळा याच इलाजामुळे.

आधी अडतं काय ते पाहू. पांढरी कँडल ही भाजलेल्या मातीची पोकळ नळी असते. काही कँडल चिनी मातीच्या, तर काही डायटमाइटच्या असतात. डायटमाइट म्हणजे सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांपासून बनलेली हलकी, सच्छिद्र माती. पाणी बाहेरून आत झिरपतं आणि खालच्या दांडीतून गळतं. छिद्रं साधारण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असल्यामुळे गाळ आत खोल शिरत नाही, तो बाहेरच्या कातडीवरच साचतो. म्हणूनच वरचा पातळ थर काढला की धार परत येते. बाकीची भिंत बहुतेक स्वच्छच असते, तिला खरवडून काही मिळत नाही.

नट सोडण्याआधी

धार कमी झाली म्हणजे कँडल तुंबली असं लगेच धरू नका. वरचं भांडं अर्धं रिकामं असेल तर पाण्याचा दाब कमी पडतो आणि कँडलचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो, मग धार आपोआप मंदावते. तुलना करायची तर ती नेहमी भरलेल्या भांड्याची भरलेल्या भांड्याशीच करा.

दुसरी गोष्ट हवेची. खालच्या भांड्यात पाणी पडायचं तर तिथली हवा बाहेर जायला हवी. स्टीलच्या फिल्टरमध्ये वरचं भांडं खालच्यावर घट्ट बसतं आणि काठ ओला असेल तर तिथे पाण्याची पातळ फीत तयार होऊन हवा कोंडते. वरच्या पाण्याचा दाब मुळात एवढासा असतो, की थोडी कोंडलेली हवाही त्याला थोपवते. वरचं भांडं बोटभर उचलून पाहा. थेंब लगेच वाढले तर कँडल निर्दोष आहे. काठ पुसून कोरडा करा, आणि हवेसाठी बारीक भोक असेल तर ते काडीने मोकळं करा.

तिसरं, कोणती कँडल अडली आहे ते शोधा. वरचं भांडं दोन पाटांवर किंवा दोन उलट्या पातेल्यांवर असं ठेवा, की दांड्या मोकळ्या लटकतील. प्रत्येक दांडीखाली एक वाटी ठेवा. भांडं काठोकाठ भरून अर्धा तास थांबा आणि दोन्ही वाट्यांतलं पाणी मापाच्या भांड्याने वेगवेगळं मोजा. वाटी भरत आली तर मोजून रिकामी करा आणि बेरीज ठेवा. हे आकडे फिल्टरच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवण्याजोगे आहेत, कारण 'पूर्वी छान यायचं' ही आठवण फार फसवी असते.

एक उदाहरण घेऊ. दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर आहे. नवा असताना अर्ध्या तासात दोन्ही मिळून १२०० मिली पाणी यायचं. आता २२० मिली येतं: डावीतून १६०, उजवीतून ६०. दोन्ही तपकिरी झाल्या आहेत. उजवी कँडल मधला महिनाभर कपाटात कोरडी पडून होती आणि न भिजवता तशीच बसवली होती, ही बाब लक्षात ठेवा.

कँडल काढणं

वरचं भांडं पूर्ण रिकामं करा. कँडलचा पांढरा भाग धरून पिळू नका. माती आणि प्लास्टिकची बैठक यांच्यात फक्त चिकटवणीचा जोड असतो. तो सैल झाला की गढूळ पाणी कँडलच्या भिंतीतून न जाता जोडातूनच आत शिरतं, आणि बाहेरून काही दिसतही नाही. एका हाताने बैठक धरा आणि खालचा नट दुसऱ्या हाताने फिरवा. रबरी वायसर कोणत्या बाजूला होता ते पाहून ठेवा. नट अडला असेल तर दांडीवर कोमट पाणी ओतून दहा मिनिटं थांबा. पक्कड लावली की प्लास्टिकच्या आट्या जातात.

घासणं

हवं ते एवढंच: मऊ दातांचा नवा टूथब्रश किंवा कँडलसोबत येणारा नायलॉनचा ब्रश, वाहतं पाणी किंवा पाण्याची बादली, आणि स्वच्छ धुतलेले हात. जुना टूथब्रश नको. त्याचे दात फाकलेले असतात, शिवाय त्यात टूथपेस्टचा अंश राहिलेला असतो.

दांडीचं भोक अंगठ्याने बंद करा. कँडलचा आतला पोकळ भाग ही स्वच्छ पाण्याची बाजू आहे आणि घासताना निघालेला चिखल तिथे गेला तर तो पुसायला आत हात जात नाही. कँडल अशी धरा की दांडी वर आणि घुमट खाली. ब्रश बैठकीकडून घुमटाकडे, म्हणजे वरून खाली चालवा, म्हणजे घाण पाणी दांडीपासून दूर ओघळतं. कँडल थोडी थोडी फिरवत जा. बैठकीलगतच्या कडेत गाळ जास्त साठतो, तिथे ब्रशचं टोक वापरा, पण जोडावर रेटू नका.

जोर हिरड्या घासताना असतो तेवढाच. सुरुवातीला निघणारं पाणी तपकिरी किंवा राखी असेल, मग ते फिकट होत जाईल. ज्या क्षणी ते दुधाळ पांढरं दिसू लागेल, त्या क्षणी थांबा. ते दुधाळ पाणी म्हणजे गाळ नव्हे, ती कँडलची स्वतःची माती आहे. यापुढे घासलेला प्रत्येक हात भिंत पातळ करतो. एका कँडलला दोन ते तीन मिनिटं पुरतात. काही ठिकाणी फिकट तपकिरी डाग उरतील, ते उरू द्या. कँडल पांढरीशुभ्र करणं हे काम नाही, काम धार आणण्याचं आहे.

आता ज्या गोष्टी हमखास वापरल्या जातात आणि वापरू नयेत, त्यांच्याबद्दल. तारेची घासणी लोखंडाचे बारीक तुकडे छिद्रांत सोडते. ते गंजतात आणि पुढच्या महिन्यात तुम्ही ते 'पाण्यातलं लोह' म्हणून घासत बसता. पॉलिश पेपरने कँडल झटक्यात पांढरी होते खरी, पण निघालेलं पीठ छिद्रांतच चोपलं जातं, शिवाय एकाच जागी खड्डा पडतो. सुरीने खरवडलं की ओरखडा उमटतो आणि पुढे तडा तिथूनच जातो. मीठ चोळणंही खरबरीतच. साबण आणि भांड्यांचं लिक्विड तर अजिबात नको. सच्छिद्र माती ते पिऊन घेते आणि पुढची कित्येक भांडी पाण्याला चव येत राहते. हिरव्या स्क्रबरबद्दल मतं वेगवेगळी आहेत. कँडलसोबतच्या कागदावर तो चालतो असं लिहिलं असेल तर नवा, कोरा तुकडा हलक्या हाताने वापरा. ओट्यावरचा, खरकट्यात फिरलेला मात्र कधीच नको.

शेवटी गाळलेल्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने बाहेरून धुवा. बाहेर धुताना अंगठा दांडीवरच राहू द्या.

घासूनही धार आली नाही तर

आपल्या उदाहरणात घासल्यावर डावीतून ५२० मिली आलं, उजवीतून फक्त ११०. दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या. इथे बहुतेक लोक उजवीला पुन्हा घासायला घेतात. ती कपाटात कोरडी पडली होती, हे आठवलं तर उत्तर सापडतं: भिंतीच्या छिद्रांत हवा अडकली आहे. कोरडी कँडल एकदम पाण्यात बुडाली की पाणी चहूबाजूंनी शिरतं आणि मधली हवा कोंडून राहते.

उपाय सावकाशीचा आहे. उभ्या डब्यात कँडल दांडी वर, घुमट खाली अशी ठेवा. आधी एक तृतीयांश बुडेल एवढंच पाणी घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी भिंतीतून वर चढतं आणि हवेला पुढे ढकलत नेतं. मग अर्ध्यापर्यंत आणि मग बैठकीच्या खालपर्यंत पाणी वाढवा आणि रात्रभर राहू द्या. दांडी कायम पाण्याबाहेर हवी. नवी कँडल बसवण्यापूर्वीही हेच करायचं, म्हणजे 'नवी असून चालत नाही' ही तक्रार येत नाही. उदाहरणातली उजवी रात्रभर भिजल्यावर ५०० मिली देऊ लागली.

दोन्ही मिळून १०२० मिली झालं, नवी असताना १२०० होतं. उरलेल्या १८० मिलीच्या मागे लागू नका. काही बारीक कण वरच्या थराखालीही शिरलेले असतात आणि ते काढायचे तर चांगली भिंत खरवडावी लागते.

हवेचा प्रश्न नसेल तर कँडलचा रंग आणि स्पर्श पाहा. बोटाला बुळबुळीत लागली, कुबट वास आला, तर ते जिवाणूंचं शेवाळी आवरण आहे. ब्रशने ते निघतं, पण छिद्रांच्या तोंडाशी थोडं उरतं. साधी मातीची कँडल असेल आणि तिच्या कागदावर उकळायला हरकत नसेल, तर ती गार पाण्यात ठेवून मंद आचेवर उकळी आणा. दहा मिनिटं उकळा आणि त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. उकळत्या पाण्यात गार कँडल टाकली, किंवा तापलेली कँडल नळाखाली धरली, तर तडा ठरलेला. कँडल भांड्याच्या बुडाला टेकू नये म्हणून खाली सुती कापडाची घडी ठेवा. आत कोळशाची भुकटी किंवा चांदीचा लेप असलेली कँडल उकळू नका. बैठक चिकटवलेली असेल आणि कागदावर काहीच लिहिलं नसेल, तरीही उकळणं टाळलेलं बरं.

उकळण्यात आणखी एक खोच आहे. बोअरच्या जड पाण्यात कँडल उकळली तर पाण्यातला चुना तापल्यावर बाहेर पडतो आणि कँडलवरच बसतो. सकाळी बरी असलेली कँडल संध्याकाळी जास्त तुंबलेली निघते ती यामुळे. उकळायला आधीच उकळून, गार करून, वरून निथळून घेतलेलं पाणी वापरा.

चुन्याचा थर ओळखायला सोपा. ब्रशने निघत नाही, हाताला खरखरीत लागतो, आणि पाण्याच्या पातळीशी पांढऱ्या किंवा पिवळट कड्यासारखा दिसतो. काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्याला हे वरचेवर होतं. शंका असेल तर त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. बारीक बुडबुडे उठले की तो चुनाच. एक लिटर कोमट पाण्यात सपाट मोठा चमचाभर, म्हणजे साधारण दहा ते पंधरा ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि कँडल दांडी वर ठेवून अर्धा तास बुडवा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको. नंतर ब्रश फिरवा, साध्या पाण्यात तासभर ठेवा आणि पाणी दोनदा बदला. थर जाड असेल तर हे पुन्हा करा, पण सत्त्व दुप्पट घालू नका.

नारिंगी, गंजासारखा थर असेल तर ते लोह. जांभ्या भागातल्या विहिरी-बोअरला हे दिसतं. लिंबूसत्त्वाने तोही सैल होतो, पण आठवड्यात परत येतो. त्यावरचा खरा उपाय कँडलच्या आधी करायचा असतो, तो खाली येतो.

धार अचानक वाढली तर आनंद नको

घासल्यावर धार नव्या कँडलपेक्षाही जास्त आली, किंवा कधी नव्हे ती एकच कँडल भराभर गळू लागली, तर समजा की तडा आहे, जोड सुटला आहे किंवा वायसर सरकला आहे. मंद धारेची कँडल त्रास देते, पण पाणी गाळूनच देते. भरभर गळणारी कँडल मात्र पाणी तसंच खाली सोडत असते.

तडा शोधायची घरगुती चाचणी अशी. कँडल रात्रभर भिजून पूर्ण ओली असू द्या. दांडीला स्वच्छ प्लास्टिकची नळी घट्ट बसवा, कँडल पाण्यात पूर्ण बुडवा आणि नळीतून हळू फुंका. ओल्या बारीक छिद्रांतलं पाणी तोंडाच्या फुंकरीने ढकललं जात नाही, त्यासाठी त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून धड कँडलमधून बुडबुडे येत नाहीत. एकाच जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे तडा आहे. बैठकीच्या कडेतून निघाली तर जोड गेला आहे. दोन्हींत कँडल टाकून द्यायची. एम-सीलने बुजवून पिण्याच्या पाण्याला वापरायची नाही. या चाचणीत केसाच्या निम्म्या जाडीपेक्षा बारीक भोकं कळत नाहीत, त्यामुळे बुडबुडा न येणं म्हणजे पाणी निर्जंतुक असल्याचा दाखला नव्हे.

आणि तो दाखला कँडल कधीच देत नाही. चार्ल्स शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत जिवाणू अडवणारी चिनी मातीची कँडल बनवली. १८९२ मध्ये दमित्री इवानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस तशाच कँडलमधून गाळला, तरी तो रस रोग पसरवतच राहिला. पुढे विषाणूंचा शोध लागला तो याच धाग्यावरून. कावीळ पसरवणारे विषाणूही असेच पलीकडे जातात. गावात साथ असेल तर गाळलेलं पाणी उकळूनच प्या.

परत बसवताना

वायसर बोटाने वाकवून पाहा. भेगा पडल्या असतील किंवा कडक झाला असेल तर बदला, किंमत फार नसते. मोठा वायसर भांड्याच्या आतल्या बाजूला, बैठक आणि तळ यांच्यामध्ये येतो. बैठक स्थिर धरून नट हाताने घट्ट करा आणि मग आणखी पाव फेरा. पुढे पिळलं तर बैठकीला चीर जाते. भांड्यात थोडंसंच पाणी, तेही बैठक बुडेल एवढंच घालून, नटाभोवतीचा तळ कोरड्या कागदाने पुसत राहा. कागद दांडीच्या टोकाशी नव्हे तर नटाच्या कडेला ओला झाला, तर वायसरमधून गळती आहे.

खालचं भांडं आणि तोटी यांना साबण चालतो, कारण स्टील तो पिऊन ठेवत नाही. नीट विसळा. घासल्यानंतरचं पहिलं भांडंभर गाळलेलं पाणी झाडांना घाला. लिंबूसत्त्व वापरलं असेल तर दुसरंही.

दर चार दिवसांनी तुंबत असेल तर

मग दोष कँडलचा नाही, तिच्यावर ओतलेल्या पाण्याचा आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी नळातून थेट फिल्टरमध्ये गेलं तर कोणतीही कँडल तग धरणार नाही. वेगळ्या हंड्यात वीस लिटर पाणी घ्या आणि त्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा. अर्धा ते एक ग्रॅम झिजली तरी पुष्कळ. मिनिटभर जोरात आणि मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा, म्हणजे कणांचे पुंजके मोठे होतात. रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी तांब्याने अलगद काढून चार पदरी सुती कापडातून फिल्टरमध्ये ओता आणि तळाचं तीन-चार बोटं पाणी टाकून द्या. तुरटी फिल्टरच्या वरच्या भांड्यातच फिरवण्याची चूक बरेच जण करतात. तसं केलं की तयार झालेले चिकट पुंजके सगळेच्या सगळे कँडलवर जाऊन बसतात आणि दोन तासांत धार बंद पडते.

लोहाच्या पाण्यालाही हंडा हवाच. ते उंचावरून दोन-तीनदा एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, म्हणजे हवा मिसळते, आणि रात्रभर ठेवा. विरघळलेलं लोह तांबूस गाळ होऊन खाली बसतं आणि कापडाला अडतं.

कँडल कधी टाकायची

नवी असतानाच तिचा घेर दोऱ्याने मोजून झाकणावर लिहा. ५० मिलिमीटर व्यासाच्या कँडलचा घेर १५७ मिलिमीटर भरतो. दर दोन महिन्यांनी त्याच जागी, मध्यावर दोरा लावा. घेर १५५ झाला म्हणजे भिंत जेमतेम ०.३ मिलिमीटर झिजली, काळजी नाही. १४७ वर आला तर सगळीकडून दीड मिलिमीटरहून जास्त माती गेली, आणि ती सारखी गेलेली नसते. कंपनीने झिजेचं माप दिलं असेल तर तेच खरं धरा. माप दिलेलं नसेल आणि दोऱ्याला मध्यावर कंबर लागू लागली असेल, तर नवी कँडल आणून भिजत घाला.